लघवीची नळी, ग्रॅम निगेटिव्ह जंतू आणि न लागणारी औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते. रुग्णालयांतून येणारे रक्ताचे, लघवीचे, पुवाचे नमुने आमच्याकडे कल्चरला, म्हणजे त्यांतले जंतू वाढवून ओळखायला, लागतात. रिपोर्ट न्यायला नातेवाईक येतात. कुणी गडहिंग्लजहून एसटीने आलेलं असतं, कुणी शाहूवाडीहून. काऊंटरवर उभ्याउभ्या ते जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांमध्ये एकाच रुग्णाची हकीकत पुन्हापुन्हा येईल. ओळख पटू नये म्हणून तिचे तपशील बदलले आहेत.

"रिपोर्टात 'ग्रॅम निगेटिव्ह' लिहिलंय. निगेटिव्ह म्हंजे जंतू न्हाईत, असंच न्हवं?"

नाही, जंतू आहेत. हा गैरसमज मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. कोविडच्या काळापासून 'निगेटिव्ह' म्हणजे सुटलो, असं लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे. इथे तो शब्द फक्त एका रंगाच्या परीक्षेबद्दल बोलतो. परीक्षेत जांभळे राहिलेले जंतू ग्रॅम पॉझिटिव्ह आणि जांभळा रंग सोडून गुलाबी झालेले ग्रॅम निगेटिव्ह. दोन्ही जंतूच असतात आणि दोन्ही आजार करू शकतात. खरोखर काहीच सापडलं नाही, तर रिपोर्टात 'नो ग्रोथ' किंवा 'वाढ आढळली नाही' असं लिहिलेलं असतं.

हा 'ग्रॅम' म्हणजे वजनाचा ग्रॅम का?

नाही, हे एका माणसाचं आडनाव आहे. हान्स क्रिश्चन ग्रॅम हे डेन्मार्कचे डॉक्टर. बर्लिनमध्ये न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसाचे काप तपासताना पेशींच्या गर्दीतून जंतू वेगळे दिसावेत म्हणून ते रंग वापरून पाहत होते. त्यातून निघालेली रीत त्यांनी १८८४ साली छापली. आजही ती जवळपास तशीच वापरतो.

काचपट्टीवर नमुन्याचा पातळ थर पसरून वाळवायचा आणि ज्योतीवरून फिरवून चिकटवायचा. मग क्रिस्टल व्हायोलेट मिनिटभर, त्यावर आयोडीन मिनिटभर. इथपर्यंत सगळे जंतू जांभळे असतात. त्यानंतर अल्कोहोल किंवा ॲसिटोन टाकतो, तेही मोजून काही सेकंदच, आणि लगेच पाण्याने धुतो. शेवटी सॅफ्रानिन हा गुलाबी रंग. ज्यांचा जांभळा रंग धुऊन गेला, ते आता गुलाबी दिसतात.

सगळी मेख त्या काही सेकंदांत आहे. अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तर जांभळे राहायला हवेत तेही गुलाबी होतात. थर जाड पडला तर गुलाबी व्हायला हवेत ते जांभळेच राहतात. चूक ओळखायची एक सोपी खूण आहे. नमुन्यात पुवाच्या पेशी असतील तर त्यांचं केंद्रक गुलाबी दिसायला हवं. तेच जांभळं दिसलं, तर रंग पुरता धुतला गेलेला नाही आणि ती पट्टी वाचू नये. जे शिकायला येतात त्यांना मी आधी ती पेशी शोधायला लावते, जंतू नंतर.

रंग धरणं आणि सोडणं एवढ्यावरून काय कळतं?

जंतूची भिंत कशी आहे ते कळतं, आणि औषधाची निवड तिथूनच सुरू होते.

ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूभोवती पेप्टिडोग्लायकॅन नावाच्या जाळीदार पदार्थाचा जाड थर असतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्याची दोन हात रुंद भिंत डोळ्यांसमोर आणा. अल्कोहोलने ही जाळी आक्रसते आणि आत गेलेला जांभळा रंग तिथेच अडकतो. ग्रॅम निगेटिव्ह जंतूची ही भिंत अगदी पातळ असते, पण तिच्या बाहेरून चरबीयुक्त पदार्थाचं आणखी एक आवरण असतं. अल्कोहोल ते आवरण विरघळवतं आणि पातळ भिंतीतून रंग निघून जातो.

ऐकताना वाटतं, पातळ भिंतीचा जंतू दुबळा असणार. घडतं उलटं. ते बाहेरचं आवरण गाळणीचं काम करतं. त्यात पोरिन नावाची बारीक दारं असतात आणि लहान रेणूच त्यांतून आत शिरतात. व्हॅन्कोमायसिनसारखं औषध आकाराने मोठं आहे. ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूवर ते उत्तम लागतं, पण ग्रॅम निगेटिव्ह जंतूच्या दारातच अडतं. कितीही मात्रा वाढवली तरी आत जात नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बाहेरचं आवरण आणि आतलं पटल यांच्यामध्ये एक अरुंद पोकळी असते. औषध तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, हा जंतू तिथे साठवतो. ग्रॅम पॉझिटिव्ह जंतू अशी विकरं बहुतांशी बाहेर सोडतो, मग ती आसपास पसरून विरळ होतात. ग्रॅम निगेटिव्ह जंतूच्या पोकळीत ती दाटीने बसलेली असतात आणि औषध दारातून थेंबाथेंबाने येतं. आलेला प्रत्येक रेणू लक्ष्यापर्यंत पोचण्याआधी तोडायला पुरेशी सवड मिळते.

त्या बाहेरच्या आवरणातच एंडोटॉक्सिन असतं. जंतू रक्तात फुटले की ते मोकळं होतं, शरीर त्याला जोरात प्रतिसाद देतं, हुडहुडी भरून ताप येतो, रक्तदाब कोसळतो.

रुग्णालयात नेमके कोणते जंतू लागतात?

ग्रॅम पॉझिटिव्हमध्ये मुख्य स्टॅफिलोकॉकस ऑरियस. द्राक्षाच्या घडासारखे गोल जंतू, आपल्या नाकात आणि त्वचेवर राहणारे. सलाईनच्या सुईची जागा लाल होऊन पू येणं किंवा ऑपरेशनचा टाका चिघळणं यामागे बऱ्याचदा तेच असतात. सोबत एन्टेरोकॉकस. ग्रॅम निगेटिव्हमध्ये ई. कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास आणि ॲसिनेटोबॅक्टर. व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया, नळीमुळे झालेला लघवीचा संसर्ग, मोठ्या शिरेतल्या लाईनमधून रक्तात गेलेला संसर्ग, यांत आपल्या देशात ही चौकडी पुढे आहे. यापुढे मी क्लेबसिएलावर आणि लघवीच्या नळीवरच बोलते. एक वाट नीट समजली की बाकीच्या समजायला सोप्या जातात.

नळीमुळे संसर्ग होतो तरी कसा? नळी तर निर्जंतुक असते ना?

पाकिटातून काढताना निर्जंतुक असते. पण मूत्राशयाला एरवी बाहेरून उघडी वाट नसते आणि नळी ती वाट करून देते. रुग्णाच्याच आतड्यातले जंतू मांडीच्या सांध्यावर येतात आणि नळीच्या बाहेरच्या अंगाने वर सरकतात. पिशवी रिकामी करताना तोटीला हात किंवा भांडं लागलं, तर आतल्या अंगानेही चढतात. नळीवर ते चिकट थर धरतात. या बुळबुळीत थराला बायोफिल्म म्हणतात आणि त्याच्या आत औषध धड पोचत नाही. नळी राहील त्या प्रत्येक दिवशी लघवीत जंतू उतरण्याची शक्यता साधारण तीन ते सात टक्क्यांनी वाढत जाते. महिनाभर नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात.

आता ती हकीकत. कागल तालुक्यातले अडुसष्ट वर्षांचे एक आजोबा पक्षाघाताने डावी बाजू गेली म्हणून दाखल झाले. पहिल्याच दिवशी लघवीची नळी घातली. छातीत कफ वाटतो म्हणून सेफ्ट्रिअॅक्सोन हे जंतू मारणारं औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी ते शुद्धीत होते, लघवी सांगू शकत होते, तरी नळी तशीच राहिली. कुणी मुद्दाम ठेवली नाही, काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच. नवव्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. रक्तदाब ९० वर ६० झाला आणि ते असंबद्ध बोलू लागले. मुलाला वाटलं पक्षाघात पुन्हा आला.

तिथल्या डॉक्टरांनी बरोबर पाऊल उचललं. औषध बदलण्याआधी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्त घेऊन कल्चरच्या बाटल्या भरल्या. जुनी नळी काढून नवी घातली आणि लघवीचा नमुना नव्या नळीतून घेतला. पिशवीतली लघवी कल्चरला कधीच पाठवू नये. तिथे तासन् तास साचलेल्या लघवीत जंतू वाढलेले असतात आणि मूत्राशयात काय आहे ते कळत नाही.

रिपोर्टला तीन दिवस का लागतात? पेशंट तिकडं तळमळतोय.

ही तक्रार रास्त आहे. वेळ लागतो, कारण जंतू वाढायलाच वेळ लागतो.

आजोबांची रक्ताची बाटली मशिनने चौदा तासांनी पॉझिटिव्ह दाखवली. त्यातला थेंब घेऊन मी ग्रॅम स्टेन केला. गुलाबी, जाडसर, आखूड काड्या. तेवढ्यावर जंतूचं नाव सांगता येत नाही, पण एवढं सांगता येतं: हा ग्रॅम निगेटिव्ह आहे, म्हणजे व्हॅन्कोमायसिन किंवा टायकोप्लॅनिनचा उपयोग नाही. आणि सेफ्ट्रिअॅक्सोन नऊ दिवस चालू असताना हा वाढला, म्हणजे ते त्याला लागत नसणार. मी लगेच फोन केला. छापील रिपोर्टआधीचा हा फोन जीव वाचवतो, म्हणून तुमच्या फाईलवर चालू मोबाईल नंबर आणि डॉक्टरांचं नाव असू द्या.

दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की आगार या जंतू वाढवायच्या जेलीवर गुलाबी, मोठ्या, ओल्या, तार सुटणाऱ्या वसाहती आल्या. क्लेबसिएला न्यूमोनिए. लघवीतही तोच. मग त्याची औषधांशी चाचणी लावली, तिला आणखी सोळा ते अठरा तास. म्हणून तीन दिवस.

'एस', 'आय', 'आर' म्हणजे काय? आमच्या बाबांना इतके 'आर' का आलेत?

जंतूंचं ठरावीक दाटीचं मिश्रण आगारच्या ताटलीवर पसरतो आणि त्यावर औषध भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतो. औषध भोवती झिरपतं. ते जंतूला मारत असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ राहतं. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून ठरलेल्या तक्त्याशी ताडतो. लागू पडतं ते 'एस', पडत नाही ते 'आर'. 'आय' म्हणजे मधलं, जास्त मात्रेत किंवा औषध जिथे साठतं अशा जागी चालू शकेल असं.

आजोबांच्या ताटलीवर सेफ्ट्रिअॅक्सोनभोवती वर्तुळच नव्हतं. जंतू थेट चकतीला भिडले होते. या औषधाला 'एस' म्हणायला निदान २३ मिलिमीटर लागतात. मेरोपेनेमभोवती २७ मिलिमीटर होतं, म्हणजे ते लागू. मग एक तपासणी वेगळी केली. सेफोटॅक्सिमची साधी चकती आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड मिसळलेली चकती शेजारी ठेवली. साधीभोवती १० मिलिमीटर आले आणि दुसरीभोवती १९. हा फरक पाच किंवा जास्त असेल तर जंतू ईएसबीएल नावाचं विकर बनवतोय असं ठरतं. हे विकर सेफ्ट्रिअॅक्सोन, सेफोटॅक्सिम अशी औषधं तोडतं, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्याला रोखतं, म्हणून वर्तुळ वाढलं.

दोन गोष्टी इथेच सांगते. 'आर' जंतूला असतो, माणसाला नाही. "माझ्या शरीराला औषधाची सवय झाली" हे वाक्य मी रोज ऐकते, ते बरोबर नाही. आणि प्रत्येक 'आर' घाबरायचा नसतो. क्लेबसिएला जातीनेच ॲम्पिसिलिनला दाद देत नाही, ते त्याच्या प्रत्येक रिपोर्टात 'आर'च येणार.

आजोबांना मेरोपेनेम दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, सातव्या दिवशी औषध थांबवलं, नवी नळीही काढली.

हा जंतू रेझिस्टंट झाला कसा? नऊ दिवसांत शिकला का?

शिकला नाही. जंतू ठरवून बदलत नाही. आतड्यात कोट्यवधी जंतू आहेत, ते विभागून वाढतात आणि जनुकांची नक्कल करताना अधूनमधून कुठेतरी चूक होते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे एकापासून सात तासांत वीस लाखांवर. इतक्या नकलांत एखादी चूक योगायोगाने औषधाविरुद्ध कामाची निघते. औषध नसताना तिचा काही फायदा नसतो. औषध आलं की बाकीचे मरतात, त्या एकाला मोकळं रान मिळतं. जागा, अन्न, सगळं त्याचंच.

पण क्लेबसिएलाच्या बाबतीत याहून वेगवान वाट आहे. प्लास्मिड म्हणजे जनुकांचं एक छोटं सुटं कडं. एक जंतू दुसऱ्याशी जोडला जाऊन त्याची प्रत देऊन टाकतो. ई. कोलाय क्लेबसिएलाला देतो, जात वेगळी असली तरी अडत नाही. ईएसबीएलचं जनुक बहुतेकदा अशाच कड्यावर बसलेलं असतं. आपल्याकडे सर्रास सापडणारा त्याचा सीटीएक्स-एम हा प्रकार मुळात क्लुव्हेरा नावाच्या निसर्गात राहणाऱ्या जंतूंच्या जनुकांतून आला. जनुक आधीपासून होतं. ते रुग्णालयापर्यंत पोचलं आणि तिथे टिकलं, ते औषधांच्या दाबामुळे.

मला यातली सर्वांत काळजीची बाब वेगळीच वाटते. एकाच कड्यावर चार-पाच औषधांविरुद्धची जनुकं एकत्र बांधलेली असतात. त्यामुळे साध्या जुलाबाला कुणी सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतलं, तरी निवडून वाढतो तो सेफ्ट्रिअॅक्सोनही तोडणारा जंतू. सेफ्ट्रिअॅक्सोन आयुष्यात घेतलेलं नसतं आणि रिपोर्टात त्यापुढे 'आर' येतो. "मी तर हे औषध कधी घेतलंच नाही" म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो.

आजोबांच्या पोटात असा क्लेबसिएला घरूनच आला असेल किंवा वॉर्डात कुणाच्या हातावरून. नऊ दिवसांच्या सेफ्ट्रिअॅक्सोनने त्याच्या शेजारचे साधे जंतू मारले आणि नळीने त्याला वाट दिली.

मग ग्रॅम पॉझिटिव्ह जंतू रेझिस्टंट होत नाहीत का?

होतात, पण वाट निराळी. स्टॅफिलोकॉकसने पेनिसिलिन तोडणारं विकर मिळवलं, म्हणून १९५९ च्या सुमारास मेथिसिलिन आलं. ते विकर त्याला तोडू शकत नव्हतं. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस नोंदवला गेला. त्याने औषध तोडलं नव्हतं, औषध जिथे चिकटतं ते प्रथिनच वेगळं आणलं होतं. यालाच एमआरएसए म्हणतात. तरी त्याच्यावर व्हॅन्कोमायसिन, लिनेझोलिड अजून चालतात. ग्रॅम निगेटिव्ह जंतूसाठी हात घालायला तेवढी औषधं उरत नाहीत.

मेरोपेनेमही 'आर' आलं तर?

असे रिपोर्ट मी देते आणि देताना हात जड होतो. मेरोपेनेम तोडणाऱ्या विकरांपैकी आपल्याकडे दोन जास्त दिसतात, एनडीएम आणि ऑक्सा-४८ च्या जातीतली. कोणतं आहे हे कळणं औषधासाठी गरजेचं असतं, त्यासाठी जनुकाची वेगळी तपासणी लागते. ऑक्सा-४८ असेल तर सेफ्टाझिडीम-अॅव्हिबॅक्टम चालू शकतं. एनडीएम असेल तर ते एकटं चालत नाही, सोबत ॲझ्ट्रिओनाम द्यावं लागतं. ही औषधं महाग आहेत. जुनं कोलिस्टिन आहे, पण त्याने मूत्रपिंडाला इजा होते आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनवर रोज नजर ठेवावी लागते.

लघवीत पस सेल्स आहेत, जंतू आहेत, पण ताप नाही. औषध सुरू करायचं ना?

नळी असलेल्या रुग्णाला, ताप, थंडी, पोटाखाली किंवा कमरेत दुखणं यांपैकी काही नसेल, तर साधारणपणे नाही. गढूळ किंवा वास येणारी लघवी हेही एकटं कारण नाही. औषधाने जंतू चार दिवस दिसेनासे होतात, नळी तिथेच असल्याने पुन्हा येतात आणि येताना जास्त चिवट असतात. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेले रुग्ण यांना मात्र लक्षणं नसतानाही उपचार लागतात. म्हणून मी रिपोर्टाखाली 'लक्षणांशी ताडून पाहावे' लिहिते. ती ओळ डॉक्टरांसाठी आहे. रिपोर्ट घेऊन थेट मेडिकलवर जाऊ नका.

राहिलेल्या गोळ्या ठेवू का पुढच्या वेळेला?

नको. अर्धवट उरलेल्या गोळ्या पुढच्या आजाराला लागतीलच असं नाही, आणि विषाणूच्या सर्दीतापाला तर नाहीच नाही. मुदतीबद्दलही सांगते. जास्त दिवस म्हणजे जास्त चांगलं, असं नसतं. गरजेपेक्षा एक दिवस जास्त म्हणजे आतड्यातल्या जंतूंवर एक दिवस जास्त दाब. किती दिवस ते डॉक्टर ठरवतील, आपण वाढवायचे नाहीत आणि परस्पर तोडायचेही नाहीत.

आम्ही नातेवाईक वॉर्डात काय करू शकतो?

रोज सकाळी राऊंडला एकच प्रश्न विचारा: "डॉक्टर, नळी अजून लागणार आहे का?" आजोबांच्या बाबतीत हा प्रश्न चौथ्या दिवशी विचारला गेला असता, तर बहुधा मला त्यांचं रक्त तपासावं लागलं नसतं.

लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली राहू द्या, पण फरशीला टेकू देऊ नका. एक्स-रेला नेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवलेली मी अनेकदा पाहिली आहे. त्याने पिशवीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. प्रत्येक रुग्णाची पिशवी रिकामी करायला वेगळं भांडं असावं. तुम्ही रिकामी केली, तर आधी आणि नंतर हात धुवा. साबणाने निदान चाळीस सेकंद, किंवा हात स्वच्छ दिसत असतील तर सॅनिटायझर पूर्ण वाळेपर्यंत चोळून. सिस्टर किंवा मावशी घाईत असतील तेव्हा "ताई, हात धुऊन घ्या हं" म्हणायला संकोच वाटतो. म्हणा तरीही. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही.

घरी गेल्यावर बाबांना वेगळं ठेवायचं का? घरात लहान मुलं आहेत.

वेगळं ठेवायची गरज नाही. ताट, कपडे, अंथरूण नेहमीच्या धुण्याने पुरेसं स्वच्छ होतं. असा जंतू आतड्यात कित्येक महिने राहू शकतो, पण निरोगी माणसाला सहसा काही करत नाही. संडासनंतर आणि स्वयंपाकाआधी हात धुणं, डायपर किंवा नळी हाताळल्यावर हात धुणं, एवढं काटेकोर पाळा.

आणि तो कल्चर रिपोर्ट फेकू नका. वर्षभरात बाबांना पुन्हा दाखल करावं लागलं, मग ते कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात असो की घराजवळच्या दवाखान्यात, तर पहिल्या तासातच तो डॉक्टरांच्या हातात द्या. मागच्या वेळी ईएसबीएल होता हे कळलं, की गंभीर रुग्णात पहिलं औषध निवडताना डॉक्टर त्याचा विचार करतात आणि नव्या कल्चरचे तीन दिवस आंधळेपणाने जात नाहीत. आजोबांच्या मुलाने रिपोर्टचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवला आहे, आणि एक प्रत घरच्या डबीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर.